साबण ५ टक्के, हँडवॉश १८ टक्के, कोड मात्र एकच: मिक्स रेटचं बिल कसं करायचं

प्रश्न: सर, माझं सांगली जिल्ह्यात किराणा होलसेलचं दुकान आहे, टर्नओव्हर अडीच-तीन कोटी. गिऱ्हाईक सगळे छोटे दुकानदार, बरेचसे जीएसटी नंबरवाले. एकाच बिलात तांदूळ, साबण, पावडर, कोल्ड्रिंक सगळं जातं. ५, १८, ४० असे रेट येतात आणि काही माल माफ आहे. साबण आणि हँडवॉश दोन्हीला 3401 कोड येतो मग रेट वेगळा कसा? आणि गाडीभाडं कुठल्या रेटने लावू? पोरगा म्हणतो सगळ्याला १८ लावून टाकू.

उत्तर:

पोराला सांगा असं करू नका. ५ टक्केवाल्या मालाला १८ लावून जो जास्तीचा टॅक्स गोळा होतो तो तुमचा नसतो, गिऱ्हाइकाकडून टॅक्स म्हणून घेतला की तो सरकारला भरावाच लागतो, कायद्यात त्याला कलम ७६ आहे. शिवाय शेजारचा होलसेलर तोच साबण ५ ने देत असणार, मग तुमचं गिऱ्हाईक तुमच्याकडे कशाला थांबेल.

आता मूळ गोष्ट. आपल्याकडे सगळ्यांच्या डोक्यात बसलंय की एचएसएन कोड टाकला की रेट आपोआप ठरतो. तसं नाहीये. कोड सांगतो की माल कुठल्या कुळातला आहे, आणि रेट ठरतो रेटच्या नोटिफिकेशनमध्ये त्या कोडसमोर जे वर्णन लिहिलंय त्यावरून. एकाच चार आकडी कोडसमोर दोन-तीन वर्णनं असू शकतात आणि प्रत्येकाचा रेट वेगळा असू शकतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ चा स्लॅब गेला, २८ चाही जवळजवळ सगळा माल खाली-वर सरकला, तेव्हापासून किराण्यात हा घोळ फार वाढलाय, कारण आधी साबण पण १८ आणि हँडवॉश पण १८ होता, कोणाला फरक पडत नव्हता.

3401 चंच घ्या. त्या हेडिंगमध्ये अंगाचा साबण येतो, कपड्याचा साबण येतो, लिक्विड साबण येतो, हँडवॉश-बॉडीवॉश पण येतो. रेट कमी झाला तो फक्त ‘टॉयलेट सोप, वडीच्या किंवा साच्यातल्या आकारात’ एवढ्याच वर्णनाचा, आणि त्यातूनही इंडस्ट्रियल सोप वगळलाय. म्हणजे अंगाला लावायची वडी ५ टक्के. हँडवॉश अंगालाच लावतात पण ते वडी नाही, म्हणून १८. कपड्याचा साबण वडी आहे पण टॉयलेट सोप नाही, म्हणून तोही १८. दोन्ही अटी एकदम बसल्या तरच ५.

कोल्ड्रिंकच्या 2202 मध्ये तर याहून मोठी उडी आहे. कोला, लेमन सोडा, ऑरेंज असलं गॅसवालं गोड पेय ४० टक्के. आणि त्याच क्रेटशेजारी ठेवलेलं आंब्याचं फ्रूट ड्रिंक, ज्यात फळाचा गर किंवा रस आहे आणि गॅस नाही, ते ५ टक्के. पण फळाचा रस टाकून वर गॅस भरला की परत ४०. त्यामुळे बाटलीवर फळाचं चित्र आहे म्हणून ५ लावू नका, लेबलवर ‘कार्बोनेटेड’ लिहिलंय का ते बघा. 1905 मध्ये पण असंच, बिस्कीट ५ टक्के आणि पापड माफ, हेडिंग एकच.

आता तांदळाचं. इथे कोड बदलत नाही, वर्णन पण तेच, पण पॅकिंगने रेट बदलतो. 1006 चा तांदूळ सुटा दिला तर माफ. २५ किलो किंवा त्याहून कमी वजनाचं, छापील लेबलचं पॅक असेल तर ५ टक्के. २६ किंवा ३० किलोची गोणी माफ. हा नियम १८ जुलै २०२२ पासून आहे, डाळी, गहू, आटा, रवा, बेसन, पोहे, मुरमुरे, गूळ या सगळ्यांना असाच लागतो. त्याआधी ब्रँड रजिस्टर आहे का यावर टॅक्स ठरायचा, ते गेलं, तरी अजून पुष्कळ लोक म्हणतात ‘आमचा ब्रँड नाही म्हणून माफ’. ब्रँड असो नसो, २५ किलोपर्यंतचं वजनमापाच्या नियमाखालचं लेबल लागणारं पॅक असलं की टॅक्स आहे. आणि एक, ५-५ किलोची सहा पाकिटं एका मोठ्या पोत्यात भरून ३० किलो केलं म्हणून माफ होत नाही, आतली पाकिटं विकायचीच पाकिटं आहेत. उलट तुम्ही २५ किलोचं टॅक्सवालं पोतं आणलं, दुकानात फोडलं आणि गिऱ्हाइकाला २ किलो सुटं मोजून दिलं, तर त्या विक्रीवर टॅक्स नाही.

मग प्रत्येक आयटमचा कोड ठरवायचा कसा. मी माझ्याकडच्या दुकानदारांना एकच क्रम सांगतो. आधी माल नक्की काय आहे ते एका ओळीत लिहा, कशाचा बनलाय, कुठल्या रूपात आहे (वडी, पावडर, लिक्विड), कशासाठी वापरतात, पॅक आहे की सुटा. कंपनीचं नाव लिहू नका, कोडला कंपनीशी काही देणंघेणं नसतं. त्यावरून चॅप्टर बघा, म्हणजे पहिले दोन आकडे: धान्य १०, पीठ-रवा ११, खायचं तेल १५, साखर-गूळ १७, बिस्कीट आणि पोहे १९, फरसाण २१, पेयं २२, केसांचं तेल-शाम्पू-टूथपेस्ट ३३, साबण-डिटर्जंट ३४. मग त्यातलं हेडिंग म्हणजे चार आकडे, मग सबहेडिंग सहा आकडे. सबहेडिंगपर्यंत गेलं की निम्मे घोळ तिथेच सुटतात, कारण अंगाचा साबण 3401 11 मध्ये जातो आणि हँडवॉश 3401 30 मध्ये. आणि सगळ्यात शेवटी रेटच्या नोटिफिकेशनमध्ये त्या कोडसमोरचं वर्णन शब्द न शब्द वाचा. आधी माफ मालाची यादी बघा, मग ५ ची, मग १८ ची, मग ४० ची. ‘इतर सर्व’ असं लिहिलेल्या ओळीवर एकदम उडी मारू नका, त्या मालाचं नाव घेऊन कुठे ओळ आहे का ते आधी शोधा, नाव घेतलेली ओळ नेहमी वरचढ. दोन हेडिंगमध्ये माल बसतोय असं वाटलं तरी हेच तत्त्व.

सप्लायरच्या बिलावरचा कोड बघायला हरकत नाही, बघाच, पण तो पुरावा नाही. तीन सप्लायरांची तीन बिलं समोर ठेवली आणि एकाच मालाला दोन वेगळे कोड दिसले तर तिथेच थांबून वर्णन वाचायचं. आपण विकताना लावलेल्या कोडची जबाबदारी आपली असते, ‘त्याने लावला म्हणून मी लावला’ हे नोटिशीला उत्तर होत नाही.

तुमचा टर्नओव्हर ५ कोटीच्या आत आहे त्यामुळे नंबरवाल्या गिऱ्हाइकाच्या बिलावर कायद्याने ४ आकडी कोड पुरतो, बिननंबरवाल्याला तर ऐच्छिक आहे. ५ कोटीच्या वर गेलं की सगळ्याला ६ आकडी लागतो. (हा टर्नओव्हर मागच्या आर्थिक वर्षाचा धरायचा.) पण माझं स्पष्ट मत आहे की किराणा होलसेलवाल्याने आत्तापासूनच ६ आकडी टाकावा. कारण तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये कोणी कोडवार रेट बदलला तर 3401 च्या नावाखालचा सगळा माल एकदम बदलतो. २२ सप्टेंबरला पुष्कळ ठिकाणी हेच झालं, ऑपरेटरने 3401 ला ५ टाकलं आणि हँडवॉश, कपड्याचा साबण सगळं ५ ने जायला लागलं, महिनाभर कोणाच्या लक्षात नाही. म्हणून रेट ग्रुपला किंवा कोडला न लावता प्रत्येक आयटमच्या मास्टरमध्ये लावा, आणि तांदळासारख्या मालाचे दोन आयटम बनवा, ‘तांदूळ ३० किलो गोणी’ वेगळा आणि ‘तांदूळ ५ किलो पाकीट’ वेगळा. एका आयटमला बिल करताना हाताने रेट बदलत बसलात तर कधीतरी चुकणारच.

आता एक बिल पूर्ण करून बघू. गिऱ्हाईक विट्याचा, जीएसटी नंबर आहे. माल असा: ३० किलोच्या तांदळाच्या १० गोण्या १५,००० रु. (माफ), ५ किलोची तांदूळ पाकिटं ८,०००, अंगाचा साबण १२,०००, हँडवॉश ६,०००, डिटर्जंट पावडर १०,०००, कोला ४,०००. सगळे भाव टॅक्सशिवायचे. एकूण माल ५५,००० आणि तुम्ही त्याला पोच भाडं-हमाली ११०० रुपये लावताय.

पहिली गोष्ट, गिऱ्हाईक नंबरवाला आहे म्हणून माफ माल आणि टॅक्सवाला माल एका कागदावर येत नाही. माफ मालाचं ‘बिल ऑफ सप्लाय’ वेगळं, टॅक्सवाल्याचं ‘टॅक्स इन्व्हॉइस’ वेगळं. बिननंबरवाल्या गिऱ्हाइकाला मात्र दोन्ही मिळून एकच ‘इन्व्हॉइस-कम-बिल ऑफ सप्लाय’ देता येतं, नियम ४६ए. बाजारात नंबरवाल्यालाही सर्रास एकच बिल जातं हे मला माहितीय, पण सॉफ्टवेअर दोन सिरीज फुकटात काढून देतं तर नियमाप्रमाणेच करा.

दुसरी गोष्ट भाडं. तुम्ही मालासोबत पोच भाडं लावता ते वेगळी सेवा विकत नाही, ते मालाच्या किमतीतच धरलं जातं, कलम १५. म्हणजे जो मालाचा रेट तोच त्याच्या भाड्याचा रेट. आणि मालच वेगवेगळ्या रेटचा असेल तर भाडं पण त्या-त्या मालाच्या वाट्याला वाटून द्यायचं. वाटायचं कसं हे कायदा लिहून देत नाही, पण किमतीच्या प्रमाणात वाटणं हीच सरसकट पद्धत आहे आणि ती कुठेही समजावून सांगता येते. वजनावर वाटलं तरी चालेल, फक्त दर बिलाला पद्धत बदलू नका. इथे ११०० म्हणजे मालाच्या बरोबर २ टक्के, तर प्रत्येक ओळीला तिच्या किमतीच्या २ टक्के भाडं येईल. गोण्यांच्या वाट्याचे ३०० रुपये माफ मालासोबत बिल ऑफ सप्लायमध्ये गेले, ते १५,३०० चं झालं. उरलेले ८०० टॅक्स इन्व्हॉइसमध्ये असे:

```
माल             कोड       भाड्यासह     रेट
तांदूळ पाकीट     1006      ८,१६०       ५%
अंगाचा साबण     3401 11   १२,२४०      ५%
हँडवॉश          3401 30   ६,१२०       १८%
डिटर्जंट पावडर   3402      १०,२००      १८%
कोला            2202 10   ४,०८०       ४०%
```

खाली रेटवार बेरीज करायची. ५ टक्क्याचा माल २०,४००, टॅक्स १,०२०. १८ चा माल १६,३२०, टॅक्स २,९३७.६०. ४० चा माल ४,०८०, टॅक्स १,६३२. गिऱ्हाईक महाराष्ट्रातलाच म्हणून प्रत्येक रकमेचे दोन सारखे भाग, सीजीएसटी आणि एसजीएसटी, म्हणजे ५१० + ५१०, १,४६८.८० + १,४६८.८० आणि ८१६ + ८१६. तोच माल बेळगावला किंवा गोव्यात गेला असता तर भाग न करता पूर्ण आयजीएसटी. टॅक्सवाला माल ४०,८००, टॅक्स ५,५८९.६०, बिल ४६,३८९.६०, राउंड ऑफ ४० पैसे वाढवून ४६,३९०. राउंड ऑफ शेवटच्या बेरजेला करा, प्रत्येक ओळीला नाही.

भाडं वाटून दिलं त्यामुळे नक्की काय फरक पडला? वाटून त्यावरचा टॅक्स आला १०९ रुपये ६० पैसे. सगळ्या ११०० ला ५ लावलं असतं तर ५५ आले असते, म्हणजे कमी भरला. सगळ्याला १८ लावलं असतं तर १९८, म्हणजे गिऱ्हाइकाकडून जास्त घेतला. एका बिलात रक्कम किरकोळ आहे पण वर्षभराची बिलं ऑडिटला काढली की बेरीज दिसते. डिस्काउंटचं पण असंच, बिलावरच दाखवलेला डिस्काउंट किमतीतून वजा होतो, पण तो टॅक्सच्या आधी आणि त्या-त्या ओळीतून वजा करा. बिलाच्या तळाशी टॅक्स लावून झाल्यावर ‘लेस ५००’ लिहिलं तर तो कुठल्या रेटच्या मालातून गेला हे कोणालाच सांगता येत नाही आणि टॅक्स मात्र पूर्ण किमतीवर बसतो.

भाव टॅक्ससकट ठरला असेल तर उलट काढायचं. ११८ रुपयांना टॅक्ससकट हँडवॉश ठरला तर ११८ चे १८ टक्के काढू नका (ते २१.२४ येतात, चूक), ११८ ला ११८ ने भागून १०० ने गुणा, माल १०० आणि टॅक्स १८. कोल्याला १४० ने भागा, साबणाला १०५ ने.

दिवाळीचे गिफ्ट पॅक काढत असाल तर हा भाग नीट वाचा, कारण इथे फार पैसे जातात. समजा एका बॉक्समध्ये ६०० चा सुकामेवा, २०० चं फरसाण आणि २०० च्या कोल्याच्या बाटल्या घालून ‘दिवाळी हॅम्पर १,००० रुपये अधिक टॅक्स’ असं एकच भाव लावून विकलं. कायदा याला मिक्स्ड सप्लाय म्हणतो आणि आतल्या सगळ्यात जास्त रेटच्या वस्तूचा रेट पूर्ण बॉक्सला लागतो, म्हणजे ४० टक्के, ४०० रुपये टॅक्स. हाच माल वेगवेगळ्या ओळीत, वेगवेगळ्या भावाने बिलात दाखवून विकला असता तर ३० + १० + ८० असे १२० रुपये. पण नुसतं छापताना ओळी फोडून उपयोग नाही, यादीत, कोटेशनमध्ये भाव खरंच सुटे असायला हवेत आणि गिऱ्हाइकाला त्यातली एखादी वस्तू नको असेल तर ती काढून घेता आली पाहिजे. मी तर सांगतो की हॅम्परमध्ये कोला, अत्तर असलं जड रेटचं काही घालूच नका, सगळा ५ चाच माल घाला, वादच नको.

रिटर्नमध्ये हे कसं जातं ते पण बघा, कारण बिल बरोबर आहे की नाही हे तिथेच कळतं. वरचं टॅक्स इन्व्हॉइस जीएसटीआर-१ मध्ये एकाच नंबरखाली तीन ओळीत जाईल, ५ ची, १८ ची, ४० ची, तिथे मालाचं नाव लागत नाही. कोड लागतो टेबल १२ मध्ये, तिथे कोड आणि रेट मिळून एक ओळ, म्हणून 3401 च्या दोन ओळी येतील, एक १२,२४० ची ५ टक्केवाली आणि एक ६,१२० ची १८ वाली. नग, किलो असं युनिट पण तिथे द्यावं लागतं. मे २०२५ च्या रिटर्नपासून टेबल १२ मध्ये नंबरवाले आणि बिननंबरवाले असे दोन भाग झालेत आणि कोड हाताने टाइप न करता ड्रॉपडाउनमधून निवडावा लागतो, यादीत नसलेला कोड घेतच नाही. तांदळाच्या गोण्यांचे १५,३०० माफ विक्रीच्या टेबल ८ मध्ये आणि टेबल १२ मध्ये शून्य रेटने 1006 च्या ओळीत. म्हणजे 1006 च्या पण दोन ओळी दिसल्या पाहिजेत.

मी महिनाअखेरीला टेबल १२ ची यादी काढून फक्त एवढंच बघतो: 3401, 2202, 1905 आणि 1006-0713-1101 सारखी धान्य-डाळ-पीठवाली हेडिंग्ज, यातलं एखादं एकाच रेटवर दिसतंय का. दुकानात दोन्ही प्रकारचा माल विकला जातो आणि टेबलमध्ये एकच रेट दिसतो, तर आयटम मास्टरमध्ये कुठेतरी चुकलंय. पाच मिनिटांचं काम आहे, रिटर्न भरायच्या आधी करा.

आणि २२ सप्टेंबर २०२५ नंतरची जुनी बिलं आजच तपासा. हँडवॉश ५ ने गेला असेल तर वरच्या बिलात ११०१.६० ऐवजी ३०६ च टॅक्स लागलेला असेल, म्हणजे ७९५.६० कमी. नंबरवाल्या गिऱ्हाइकाला त्या फरकाची डेबिट नोट काढा, ती जीएसटीआर-१ मध्ये दाखवा, त्याला तिचं क्रेडिट मिळतं म्हणून तो सहसा कुरकुर करत नाही. तुम्हाला तो टॅक्स भरायच्या मूळ तारखेपासून वर्षाला १८ टक्क्याने व्याज पडेल. बिननंबरवाल्यांना गेलेल्या मालाचा फरक मात्र खिशातून भरावा लागेल, ते पैसे आता कोणी देत नाही. उलटं झालं असेल, म्हणजे साबण २२ सप्टेंबरनंतरही १८ ने गेला असेल, तर क्रेडिट नोट काढा, गिऱ्हाइकाने तेवढं क्रेडिट उलटवलं पाहिजे, आणि ती नोट ज्या वर्षातलं बिल आहे ते वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंतच्या, किंवा त्या वर्षाचं वार्षिक रिटर्न त्याआधी भरलं तर तोपर्यंतच्या रिटर्नमध्येच दाखवता येते. २०२५-२६ च्या बिलांसाठी म्हणजे उशिरात उशिरा ३० नोव्हेंबर २०२६. त्या तारखेनंतर क्रेडिट नोट निघते, पण टॅक्स कमी करून मिळत नाही.